एकाच इलेक्ट्रॉनच्या दोन रुंद्या

१०० व्होल्टच्या विद्युतदाबातून सुटलेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ५,९३० किलोमीटर वेगाने धावतो. समजा, आपण त्याला अशा अवस्थेत पाठवला की एका ठरावीक क्षणी तो एक नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास सापडावा. मग त्याचा वेग नेमका ५,९३० किलोमीटरच आहे असे म्हणता येईल का? नाही. त्यात सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटरचा विस्कळीतपणा येतोच. हा आकडा कोणत्याही उपकरणाच्या चुकीतून आलेला नाही. तो दोन ओळींच्या गणितातून निघतो, आणि दहावीला वर्गसमीकरणे सोडवलेल्या वाचकाला त्या गणिताचा गाभा कळू शकतो.

सुरुवात लुई द ब्रॉयी यांच्यापासून करू. १९२४ साली त्यांनी मांडले की प्रत्येक कणाबरोबर एक तरंग असतो आणि त्या तरंगाची लांबी कणाच्या संवेगावरून ठरते. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. प्लांकचा स्थिरांक h याला संवेगाने भागले की तरंगलांबी मिळते. आपल्या इलेक्ट्रॉनसाठी ती ०.१२३ नॅनोमीटर येते. संवेग अगदी नेमका असेल, तर तरंगलांबीही नेमकी एकच असते. पण एकाच लांबीचा तरंग कुठेही सुरू होत नाही आणि कुठेही संपत नाही. तो दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला असतो. असा इलेक्ट्रॉन इथे सापडण्याची शक्यता जेवढी, तेवढीच हजार मैलांवर.

त्याला एका जागी गोळा करायचे तर एक तरंग पुरत नाही. थोड्या लहान आणि थोड्या मोठ्या लांबीचे पुष्कळ तरंग एकत्र मिसळावे लागतात. एका ठिकाणी त्या सर्वांचे उंचवटे जुळतात आणि तिथे तरंग जोरदार होतो. तिथून दूर गेल्यावर कोणाचा उंचवटा तर कोणाचा खळगा एकाच जागी येतो, आणि ते एकमेकांना पुसून टाकतात. उरतो तो मधला फुगवटा, म्हणजे तरंगपुंज. तो जितका आखूड हवा, तितक्या वेगवेगळ्या लांबीचे तरंग मिसळायला लागतात. हीच गोष्ट कानानेही ओळखता येते. तंबोऱ्याची तार बराच वेळ वाजत राहिली की तिचा सूर नेमका सांगता येतो; टाळीचा आवाज मात्र इतका थोडा वेळ टिकतो की त्याचा सूर कोणता, हा प्रश्नच फोल ठरतो.

कोणता तरंग किती प्रमाणात मिसळला आहे, हे काढण्याची रीत म्हणजे फूरिये रूपांतर. उष्णता पदार्थांतून कशी वाहते याचा अभ्यास करताना जोझेफ फूरिये यांनी ही विश्लेषणपद्धती घडवली आणि १८२२ सालच्या ग्रंथात ती मांडली. त्यांच्या डोळ्यांसमोर तापलेल्या वस्तू होत्या; शंभर वर्षांनी तेच गणित इलेक्ट्रॉनला लागू पडले.

इलेक्ट्रॉनची अवस्था सांगणाऱ्या फलनाला तरंगफलन म्हणतात. त्यासाठी ψ हे चिन्ह वापरतात. जागा x असेल तर ψ(x) ही एक संमिश्र संख्या असते. तिच्या परिमाणाचा वर्ग केला की इलेक्ट्रॉन त्या जागेजवळ सापडण्याची संभाव्यता कळते. हा अर्थ माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये दिला. याच अवस्थेचे दुसरे रूप म्हणजे संवेगाचे तरंगफलन φ(p). त्याच्या परिमाणाचा वर्ग केला की संवेग p मोजला जाण्याची संभाव्यता मिळते. पहिल्यातून दुसरे असे काढतात:

φ(p) = (1/√(2πħ)) ∫ ψ(x) e^(−ipx/ħ) dx

इथे ħ म्हणजे h भागिले 2π. सूत्र सांगते ते एवढेच: ψ ला p संवेगाच्या शुद्ध तरंगाशी जागोजागी ताडून पाहा आणि सगळ्या जागांची बेरीज करा. दोन्ही जुळत असतील तर बेरीज मोठी येते; जुळत नसतील तर भाग एकमेकांना पुसतात. φ मध्ये ψ पेक्षा जास्त किंवा कमी असे काहीच नसते. एकावरून दुसरे पूर्णपणे परत मिळवता येते.

आता आपला पुंज घेऊ. त्याला गॉसियन आकार देऊ, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना घंटेसारखा उतरता:

ψ(x) = N e^(−x²/4σ²) e^(ip₀x/ħ)

N हा एकूण संभाव्यता १ यावी म्हणून ठेवलेला गुणक. σ ही पुंजाची रुंदी. p₀ हा सरासरी संवेग. त्याच्यामुळे घंटेच्या आत बारीक लाटा उठतात. ψ च्या परिमाणाचा वर्ग केला की e^(−x²/2σ²) मिळते. संख्याशास्त्रातली नेहमीची घंटावक्र रेषा हीच, आणि तिचे प्रमाण विचलन बरोबर σ आहे. घातात 4 मुद्दाम ठेवला तो याचसाठी.

हे φ च्या सूत्रात घालू आणि p − p₀ ला q म्हणू. मग घातात −x²/4σ² − iqx/ħ एवढेच उरते. यात x चा वर्ग आहे आणि x चे एक पद आहे. वर्गसमीकरण सोडवताना आपण जे करायचो तेच इथे करायचे, पूर्ण वर्ग:

−x²/4σ² − iqx/ħ = −(x + 2iσ²q/ħ)²/4σ² − σ²q²/ħ²

उजवीकडच्या शेवटच्या पदात x नाही, म्हणून ते बेरजेच्या बाहेर काढता येते. आत उरलेली घंटा फक्त एका कल्पित संख्येने सरकलेली आहे. गॉसियन फलन दोन्ही टोकांना फार झपाट्याने शून्याकडे जाते, त्यामुळे या सरकण्याने बेरीज बदलत नाही. ती 2σ√π ही एक साधी संख्याच येते. म्हणजे q वर अवलंबून राहणारा भाग एकच:

φ(p) ∝ e^(−σ²(p − p₀)²/ħ²)

घंटेतून पुन्हा घंटाच निघाली, पण तिच्यात σ घाताच्या वरच्या बाजूला गेला आहे. φ च्या परिमाणाचा वर्ग केला की e^(−2σ²q²/ħ²) मिळते. त्याची तुलना e^(−q²/2σₚ²) शी केली की संवेगाची रुंदी σₚ = ħ/2σ येते. दोन्ही रुंद्यांचा गुणाकार केला की:

σ · σₚ = ħ/2

आकडे घालू. ħ चे मूल्य १.०५५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद. σ एक नॅनोमीटर घेतला तर σₚ ५.२७ × १०⁻²⁶ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. त्याला इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाने, ९.११ × १०⁻³¹ किलोग्रॅमने भागले की वेगाची रुंदी सेकंदाला ५८ किलोमीटर मिळते. म्हणजे सरासरी वेगाच्या साधारण एक टक्का. पुंज दहापट आखूड, म्हणजे अणूएवढा केला तर तीच रुंदी सेकंदाला ५८० किलोमीटर होते.

या गणितात एक चूक वारंवार होते. विद्यार्थी ψ आणि φ या घंटांच्याच रुंद्या मोजतो. त्यांच्या परिमाणांचे वर्ग करायचे राहून जातात. तशी प्रत्येक रुंदी √2 पटीने मोठी येते आणि गुणाकार ħ/2 च्या जागी ħ होतो. उत्तर बरोबर दुप्पट आले की वर्ग करायचा राहिला, हे समजावे. वेर्नर हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या प्रसिद्ध लेखातही गॉसियन पुंजासाठी गुणाकार ħ एवढाच आहे. पण ती चूक नव्हती: त्यांनी रुंदीची व्याख्याच √2 पटीने मोठी धरली होती. त्याच वर्षी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अर्ल केनार्ड यांनी प्रमाण विचलन हीच रुंदी मानली आणि सिद्ध केले की पुंज कोणत्याही आकाराचा असो, गुणाकार ħ/2 पेक्षा कमी कधीच होत नाही. तो बरोबर ħ/2 येतो तो फक्त गॉसियन पुंजातच.

इतर आकारांत किती फरक पडतो, हे चौकोनी पुंजात दिसते. ψ एका पट्ट्यात सपाट आणि बाहेर एकदम शून्य धरला, तर त्या उभ्या कडा घडवण्यासाठी फार मोठ्या संवेगांचे तरंगही लागतात. ते इतके हळूहळू कमी होतात की संवेगाचे प्रमाण विचलन अनंत येते. गॉसियन पुंजाला कुठेच कडा नाही, म्हणून त्याला असे जादा संवेग लागत नाहीत.

गॉसियन पुंजातली ही बरोबरीही कायम टिकत नाही. इलेक्ट्रॉन मोकळा धावत असेल, त्याच्यावर कोणतेही बल नसेल, तर संवेगाची रुंदी जशीच्या तशी राहते. पण पुंजातले वेगवान भाग पुढे जातात, मंद भाग मागे पडतात आणि जागेची रुंदी वाढत जाते:

σ(t) = σ √(1 + (ħt/2mσ²)²)

आपल्या एक नॅनोमीटरच्या पुंजासाठी 2mσ²/ħ हा काळ सुमारे १.७ × १०⁻¹⁴ सेकंद आहे. तेवढ्यात इलेक्ट्रॉन जेमतेम १०० नॅनोमीटर पुढे जातो आणि रुंदी १.४ पट होते. एक मीटर अंतर कापेपर्यंत तोच पुंज जवळजवळ एक सेंटीमीटर लांब झालेला असतो. मीटरचा एक टक्का म्हणजे एक सेंटीमीटर, आणि वेगाची रुंदीही एक टक्काच होती. तेव्हा गणित बरोबर असल्याची ही खूण आहे. एक मायक्रोग्रॅमचा धुळीचा कण एक मायक्रोमीटरच्या रुंदीत ठेवला, तर तीच १.४ पट रुंदी व्हायला सुमारे सहा लाख वर्षे लागतील. रोजच्या वस्तू पसरताना दिसत नाहीत, त्याचे कारण हे.

अनिश्चिततेचे तत्त्व पुष्कळदा असे सांगितले जाते की आपण बघायला गेलो, प्रकाशाचा धक्का बसला आणि इलेक्ट्रॉन हलला. स्वतः हायझेनबर्ग यांनीही सूक्ष्मदर्शकाचे असेच उदाहरण दिले होते. वरच्या गणितात मात्र कोणी बघितले नाही, मोजले नाही, कोणाला धक्का दिला नाही. तरीही ħ/2 आला, कारण जागेची आणि संवेगाची रुंदी एकाच फलनातून निघतात. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन तो पूर्ण वर्ग एकदा स्वतः करून पाहावा. त्यात कुठेही उपकरण येत नाही, म्हणून चांगले उपकरण आणून ही मर्यादा ओलांडता येत नाही.