सरासरीपासून किती दूर: प्रमाण विचलनाची ओळख

सरासरी जे सांगत नाही

नुकतीच पाच वर्षे पूर्ण केलेल्या मुलग्यांचे दोन छोटे गट आहेत, असे समजू. पहिल्या गटातील पाच जणांची उंची सेंटिमीटरमध्ये १०८, १०९, १०९, १११ आणि ११३ आहे. दुसऱ्या गटातील पाच जणांची १०३, १०६, १०८, ११५ आणि ११८ आहे. दोन्ही गटांची बेरीज ५५० येते, म्हणून दोन्हींची सरासरी ११० सेंटिमीटर. तरीही हे गट सारखे नाहीत, हे आकडे वाचतानाच जाणवते. पहिल्या गटातील मुले जवळजवळ एकाच उंचीची आहेत. दुसऱ्यात सर्वांत बुटका आणि सर्वांत उंच यांच्यात १५ सेंटिमीटरचे अंतर आहे. सरासरी मध्य कुठे आहे ते सांगते, पण आकडे त्या मध्याभोवती किती पांगले आहेत याबद्दल ती काहीच बोलत नाही. हे पांगणे मोजणारी संख्या म्हणजे प्रमाण विचलन.

विचलन

प्रत्येक निरीक्षणातून सरासरी वजा केली की त्या निरीक्षणाचे विचलन मिळते. पहिल्या गटाची विचलने −२, −१, −१, १ आणि ३. दुसऱ्या गटाची −७, −४, −२, ५ आणि ८. या विचलनांचीच सरासरी काढावी, असे पहिल्यांदा सुचते. पण दोन्ही गटांत त्यांची बेरीज शून्य येते, आणि हा योगायोग नाही. खालच्या बाजूची एकूण तूट वरच्या बाजूच्या एकूण वाढीइतकी असते असा जो बिंदू, त्यालाच सरासरी म्हणतात. म्हणून पांगण्याचे माप हवे असेल, तर विचलनांची ऋण चिन्हे आधी दूर करावी लागतात.

वर्गच का करायचा

चिन्ह सोडून नुसते अंतर घेणे हा एक सरळ मार्ग आहे. दुसऱ्या गटात ती अंतरे ७, ४, २, ५, ८ होतात आणि त्यांची सरासरी ५.२ येते. हे मापही खरे आहे. त्याला मध्य विचलन म्हणतात. मग विचलनांचा वर्ग करण्याचा लांबचा मार्ग कशासाठी? वर्गाने मोठी विचलने अधिक ठळक होतात, असे उत्तर बहुतेक ठिकाणी दिले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. खरे कारण सरासरीच्या स्वभावात आहे.

दुसऱ्या गटातील मधली उंची, म्हणजे मध्यक, १०८ आहे. अंतरे ११० ऐवजी १०८ पासून मोजली तर ५, २, ०, ७ आणि १० मिळतात. त्यांची बेरीज २४, म्हणजे ११० पासूनच्या २६ पेक्षा कमी. याचा अर्थ, नुसत्या अंतरांच्या हिशेबात मध्यक हा आकड्यांच्या अधिक जवळ असतो. आता हीच तुलना वर्गांनी केली तर चित्र उलटते. ११० पासूनच्या विचलनांचे वर्ग ४९, १६, ४, २५, ६४ असून त्यांची बेरीज १५८ आहे; १०८ पासूनच्या वर्गांची बेरीज १७८ भरते. १०८ च्या जागी दुसरी कोणतीही संख्या घेतली तरी बेरीज १५८ च्या खाली जात नाही. विचलनांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणारा बिंदू म्हणजेच सरासरी. मध्य म्हणून सरासरी निवडली की तिच्याशी सुसंगत असे पांगण्याचे माप वर्गांतूनच येते.

प्रचरण आणि वर्गमूळ

वर्गांची सरासरी म्हणजे प्रचरण. पहिल्या गटात वर्गांची बेरीज ४ + १ + १ + १ + ९ = १६, म्हणून प्रचरण ३.२. दुसऱ्यात १५८ ÷ ५ = ३१.६. येथे एक अडचण आहे: उंची सेंटिमीटरमध्ये मोजली होती, प्रचरण मात्र चौरस सेंटिमीटरमध्ये आले, आणि मुलाच्या उंचीशी चौरस सेंटिमीटरची तुलना होऊ शकत नाही. वर्गमूळ घेतल्यावर मूळ एकक परत मिळते. पहिल्या गटाचे प्रमाण विचलन सुमारे १.८ सेंटिमीटर, दुसऱ्याचे सुमारे ५.६ सेंटिमीटर. त्या त्या गटातील एखादे मूल सरासरीपासून साधारणपणे किती दूर असते, हे या संख्या सांगतात. याच मापाला सध्याचे नाव ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात दिले. माप त्याआधीही वापरात होते.

अंतर मोजण्याची पट्टी

प्रमाण विचलनाचा खरा उपयोग दोन गटांची तुलना करण्यापुरता नाही. एखादे अंतर मोठे म्हणायचे की लहान, हे ठरवण्याची ती पट्टी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढीची मानके प्रसिद्ध केली. भारतासह सहा देशांतील, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांच्या मोजमापांवर ती आधारलेली आहेत, आणि अंगणवाडीतील वृद्धिपत्रकामागे हीच मानके आहेत. त्यांनुसार पूर्ण दोन वर्षांच्या मुलग्याची मधली उंची ८७.१ सेंटिमीटर आहे आणि प्रमाण विचलन सुमारे ३ सेंटिमीटर. पूर्ण पाच वर्षांच्या मुलग्यासाठी हे आकडे ११० आणि सुमारे ४.६ सेंटिमीटर आहेत.

आता दोन मुलगे घेतले, एक दोन वर्षांचा आणि एक पाच वर्षांचा. दोघेही आपापल्या वयाच्या मधल्या उंचीपेक्षा ७ सेंटिमीटरने कमी आहेत. सेंटिमीटरमध्ये दोघांची तूट सारखीच आहे. पण ७ ला ३ ने भागले तर २.३ येतात आणि ४.६ ने भागले तर १.५. धाकटा मुलगा मध्यापासून दोनपेक्षा अधिक प्रमाण विचलने खाली आहे, थोरला दीडच. वयाच्या मानाने उंची उणे दोन प्रमाण विचलनांच्या खाली असेल, तर त्या मुलाची गणना खुजेपणात होते. म्हणून धाकटा या गणनेत येतो, थोरला येत नाही. वाढत्या वयाबरोबर मुलांच्या उंचीतील नैसर्गिक फरकही वाढत जातो, आणि प्रमाण विचलनाने भागल्यामुळे तो वाढलेला फरक हिशेबात धरला जातो. तीव्र कुपोषणाची, म्हणजे सॅम श्रेणीची, उंचीच्या मानाने वजनाची सीमाही अशीच उणे तीन प्रमाण विचलनांवर ठेवलेली आहे.

सीमारेषेचा अर्थ

उंचीसारख्या गुणाचे आकडे मध्याभोवती दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे पसरतात. मध्याजवळ दाट, दूर जावे तसे विरळ. अशा प्रसामान्य वितरणात सुमारे ६८ टक्के निरीक्षणे मध्याच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत असतात, आणि सुमारे ९५ टक्के दोन प्रमाण विचलनांच्या आत. उणे दोनच्या खाली सुमारे २.३ टक्के उरतात. याचा एक परिणाम सहज नजरेआड होतो: पूर्णपणे निरोगी लोकसंख्येतही शंभरातील दोन-तीन मुले या रेषेखाली असणारच, कारण काही माणसे मुळातच बुटकी असतात. त्यामुळे एकट्या मुलाच्या बाबतीत ही रेषा तपासणीची सूचना ठरते, निदान ठरत नाही. एखाद्या तालुक्यातील तीस टक्के मुले रेषेखाली असतील, तर मात्र तो नैसर्गिक फरक नव्हे.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आहाराच्या प्रश्नात याच मुद्द्यावर बोट ठेवले. सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक खाणाऱ्या प्रत्येकाला अर्धपोटी धरले, तर ज्यांची गरजच सरासरीहून कमी आहे अशी माणसेही त्यात मोजली जातात. त्यांनी सीमा सरासरीवर न ठेवता तिच्या दोन प्रमाण विचलने खाली धरावी, असे सुचवले. या सूचनेवर तीव्र वाद झाला, कारण खालच्या सीमेमुळे खरोखर उपाशी असलेले लोक मोजणीतून सुटण्याचा धोका होता.

पाचाने भागायचे की चाराने

गणकयंत्रावर आणि संगणकावर दोन प्रकारची प्रमाण विचलने दिसतात. एक्सेलमध्ये `STDEV.P` संख्येने भागते, `STDEV.S` संख्येपेक्षा एकाने कमी घेऊन भागते. ती पाच मुले हाच संपूर्ण गट असेल तर पाचाने भागणे योग्य आहे. ती एखाद्या मोठ्या समूहातून निवडलेला नमुना असेल, तर त्या समूहाची खरी सरासरी अज्ञात असते आणि विचलने नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजावी लागतात. वर्गांची बेरीज या सरासरीपाशी सर्वांत कमी असते, हे वर आलेच आहे. खऱ्या सरासरीपासून मोजली असती तर ती बेरीज जवळजवळ नेहमीच मोठी आली असती. ही सततची घट भरून काढण्यासाठी भाजक एकाने कमी घेतात. दुसऱ्या गटात १५८ ÷ ४ = ३९.५ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ६.३ येते. निरीक्षणे शेकड्यांनी असतील तेव्हा हा फरक नगण्य होतो.

एका आकड्याने बिघडणारे माप

दुसऱ्या गटातील ११८ हा आकडा नोंदवहीत चुकून १८१ असा लिहिला गेला, तर सरासरी १२२.६ होते आणि प्रमाण विचलन ५.६ वरून थेट २९.५ वर जाते. वर्गांच्या बेरजेतील जवळजवळ चार-पंचमांश वाटा एकट्या १८१ चा असतो. म्हणून अनपेक्षितपणे मोठे प्रमाण विचलन दिसले की त्याचा अर्थ लावण्यापूर्वी सर्वांत मोठे वर्ग कोणत्या नोंदींतून आले ते पाहावे. पोषण सर्वेक्षणांत हीच युक्ती नोंदींची प्रत तपासायला वापरतात. प्रत्येक मूल मानकाच्या मध्यापासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते काढल्यावर या सर्व संख्यांचे प्रमाण विचलन १ च्या आसपास यावे लागते. ते बरेच मोठे आले, तर मुलांमधील फरकापेक्षा उंची मोजण्यातील किंवा वय लिहिण्यातील चुकांचा संशय आधी घेतला जातो.

दोन्ही बाजू सारख्या नसतात तेव्हा

६८ आणि ९५ टक्क्यांचे आकडे सर्वत्र लागू पडत नाहीत. कोणत्याही आकार-प्रकाराच्या आकड्यांत दोन प्रमाण विचलनांच्या आत किमान ७५ टक्के निरीक्षणे असतात, इतकीच हमी गणित देते. कुटुंबांच्या उत्पन्नात थोडे लोक फार वर असतात. तेथे प्रमाण विचलन सरासरीपेक्षाही मोठे येऊ शकते, आणि सरासरीतून ते एकदा वजा केले तरी ऋण उत्पन्न मिळते, ज्याला काहीच अर्थ नाही. मुलांच्या वजनातही वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा अधिक लांब पसरलेली असते. त्यामुळे वजनाची मानके तयार करताना एकच प्रमाण विचलन दोन्ही बाजूंना वापरलेले नाही. आधी आकड्यांचे रूपांतर करून ही असमानता काढून टाकली आणि मगच रेषा आखल्या. वृद्धिपत्रकावर मधल्या रेषेच्या वरच्या रेषा खालच्या रेषांपेक्षा एकमेकींपासून अधिक लांब दिसतात, त्या यामुळेच.