रिकामा रकाना नेमका कोणता?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संगणक-सुरक्षा संशोधकाने २०१६ च्या सुमारास आपल्या गाडीसाठी हौसेने NULL ही नंबरप्लेट घेतली. डेटाबेसच्या भाषेत NULL म्हणजे ‘इथे काहीच नोंद नाही’. पुढे पार्किंगचा एक दंड त्याने भरला, त्याचं नाव-पत्ता या NULL शी जोडला गेला, आणि मग दंडाच्या नोटिसांचा पाऊसच पडला. कधी न पाहिलेल्या गावांतले, दुसऱ्याच गाड्यांचे दंड! त्याच्या सांगण्यानुसार, ज्या पावत्यांवर गाडीचा नंबर लिहायचाच राहिला होता, त्या सगळ्या त्याच्या नावावर जमा होत होत्या. रक्कम १२ हजार डॉलरच्या वर गेली. २०१९ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत त्याने ही हकिगत जाहीरपणे मांडली.

ज्या पावतीवर गाडीचा नंबरच नाही, ती पावती यंत्रणेने मुळात स्वीकारलीच कशी?

यात नवल काही नाही. वेबपानावर एखादा रकाना सक्तीचा करायला एक शब्द पुरतो:

```
<input name="ifsc" required>
```

हा रकाना कोरा ठेवून सबमिट दाबलं की ब्राउझर अडवतो. पण त्यात स्पेसबारने नुसती एक मोकळी जागा टाका, तो खुशाल पुढे जाऊ देतो. कारण त्याच्या लेखी मोकळी जागा हेही अक्षरच. शिवाय ही तपासणी अर्जदाराच्या मोबाइलवर किंवा संगणकावर होते. ती टाळून माहिती थेट सर्व्हरकडे पाठवता येते, म्हणून खरी तपासणी सर्व्हरवरच व्हायला हवी. आधी दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा काढायच्या आणि मग उरलेलं कोरं आहे का ते पाहायचं. डेटाबेसच्या भरवशावर राहूनही भागत नाही. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये रकान्याला NOT NULL अशी अट घातली तरी शून्य लांबीचा मजकूर तिथे बिनबोभाट साठवला जातो. ‘नोंद नाही’ आणि ‘कोरी नोंद’ या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी.

कोरा अर्ज अडवला, तरी काम अर्धंच झालेलं असतं.

समजा, शिष्यवृत्तीचा तीसेक रकान्यांचा अर्ज आहे. विद्यार्थिनीने मोबाइलवर सगळं भरलं, पण बँकेचा आयएफएससी कोड राहिला. सबमिट केल्यावर वर लाल अक्षरांत ओळ येते: ‘कृपया सर्व आवश्यक माहिती भरा.’ आता ती अर्ज पहिल्यापासून चाळत बसणार. कोणता रकाना कोरा आहे हे सर्व्हरला पक्कं ठाऊक असतं, कारण त्यानेच तो पकडलेला असतो; तरीही ते शोधायचं काम तिच्या गळ्यात पडतं. हा सरळ अन्याय आहे, आणि तो दूर करायला चार ओळींचा कोड पुरतो.

त्याच जागी ‘बँकेचा आयएफएससी कोड लिहा’ एवढंच म्हटलं तर? रकान्याच्या डोक्यावर जे नाव छापलंय तेच सूचनेत हवं; तिथे ‘आयएफएससी कोड’ आणि सूचनेत ‘शाखा क्रमांक’ असं झालं की गोंधळ पुन्हा सुरू. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या आराखड्यात याची शिस्त ठरलेली आहे. पानाच्या वर सगळ्या चुकांची एकत्र यादी येते, यादीतल्या ओळीवर टिचकी मारली की थेट त्या रकान्यापाशी जाता येतं, आणि तेच वाक्य त्या रकान्यालगतही दिसतं. सगळ्या चुका एकदमच सांगायच्या. एक दुरुस्त केली की दुसरी दाखवायची, असं होता कामा नये. आणि भरलेला मजकूर पुसायचा नाही.

नुसती लाल चौकट काढून भागत नाही. रंगांधळ्या माणसाला ती वेगळी कळेलच असं नाही, आणि स्क्रीनरीडरवर अर्ज ऐकणाऱ्या अंध व्यक्तीला तर शब्दच हवेत. म्हणूनच डब्ल्यूसीएजी या जागतिक सुगम्यता निकषांत, चूक कोणत्या ठिकाणी आहे ते ओळखून मजकुरात सांगणं ही ‘ए’ म्हणजे किमान पातळीची अट आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही याच निकषांवर बेतलेली आहेत.

मात्र सक्तीचा अतिरेकही घातक. ज्यांना आडनावच नाही त्यांनी सक्तीच्या रकान्यात काय लिहायचं? ते टिंब देतात, नाहीतर NA लिहितात. रकाना भरलेला दिसतो आणि माहिती खोटी साठते. ज्यावाचून अर्जाचं काम खरोखरच अडेल, तेवढेच रकाने सक्तीचे असावेत.

फॉर्म बनवणाऱ्यांना एवढीच विनंती, की तो लोकांसमोर ठेवण्याआधी स्वतः सबमिट करून पाहावा: एकदा पूर्ण कोरा, एकदा प्रत्येक रकान्यात फक्त मोकळी जागा देऊन, आणि एकदा मधलाच एखादा रकाना सोडून. तिसऱ्या वेळी त्या रकान्याचं नाव पडद्यावर आलं नाही, तर फॉर्म अजून तयार नाही.