सोयाबीनचा एकरी हिशेब

बाजारभावाच्या स्क्रीनशॉटमध्ये सोयाबीनपुढे आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे चार आकडे असतात. नजर आधी कमाल दरावर जाते, पण तो भाव एखाद्या कोरड्या, स्वच्छ ढिगालाच मिळालेला असू शकतो. हिशेबाला सर्वसाधारण दर धरावा, कारण बहुतेक माल त्याच्याच आसपास विकला जातो. आवक पाच-सात क्विंटलच असेल, तर त्या दिवसाच्या दरावर फार विसंबू नये. स्क्रीनशॉट कापताना तारीख आणि बाजार समितीचे नाव निघून गेले असेल, तर तो बाजूलाच ठेवलेला बरा.

खर्चाच्या यादीत बहुधा दोन प्रकारचे आकडे एकत्र झालेले असतात. काही सगळ्या रानाचे, तर काही क्विंटलमागचे. समजा, तीन एकरांची मशागत व पेरणी १०,५०० रुपये, बियाणे ९,०००, खते ६,०००, तणनाशक व फवारण्या ९,००० आणि उक्ती काढणी १२,००० अशी नोंद आहे. बेरीज ४६,५००, म्हणजे एकरी १५,५०० रुपये. पीक कमी आले तरी हा खर्च फारसा कमी होत नाही. मळणी, बारदाना, वाहतूक, हमाली आणि तोलाई मात्र मालाबरोबर वाढते. ती क्विंटलमागे ४५० रुपये धरू.

स्क्रीनशॉटमध्ये नसलेला आकडा म्हणजे उतारा. मळणीनंतर एकरी साडेसात क्विंटल माल भरला, पण त्यात १८ टक्के ओलावा आहे. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते आणि खुल्या बाजारातही ओल्या मालाचा भाव कापला जातो. साडेसातला ८२ ने गुणून ८८ ने भागले की वाळल्यावरचे वजन मिळते : जवळपास ७ क्विंटल.

सर्वसाधारण दर ४,१०० असेल, तर क्विंटलमागचे ४५० वजा जाता ३,६५० हाती राहतात. सात क्विंटलचे २५,५५० होतात. त्यातून १५,५०० गेले की एकरी १०,०५० रुपये उरतात. घरच्या माणसांची १२ दिवसांची मजुरी यादीत कुणी लिहीत नाही. ती रोजी ३५० ने धरली, तर ४,२०० आणखी जातात आणि उरतात ५,८५०. जमिनीचा खंड तर यात धरलेलाच नाही.

आता भाव ३०० रुपयांनी पडला, तर एकरी २,१०० कमी होतात. पण पावसाने उतारा दोन क्विंटलने घटला, तर ७,३०० जातात आणि घरची मजुरीसुद्धा निघत नाही. म्हणून एकाच उत्तराऐवजी पाच, सहा आणि सात क्विंटल असा तीनदा हिशेब मांडावा आणि स्क्रीनशॉटही एका दिवसाचा न घेता महिनाभरातले चार-पाच घ्यावेत.