बॅकअप होता, पण उघडून कोणी पाहिला?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. रोजचा बॅकअप आपोआप होतो, असं सगळे धरून चालले होते. साठवणीची जागा उघडली, तर ती रिकामी! बॅकअप घेणारं `pg_dump` ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते दर वेळी सुरू होताच थांबत होतं. बिघाडाचे ईमेलही परस्पर नाकारले जात होते. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी चाचणीसाठी कोणीतरी हाताने घेतलेली प्रत. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

तालीम केली असती, तर हे पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. महिन्यातून एकदा ताजा बॅकअप वेगळ्या, रिकाम्या मशीनवर उतरवायचा. मग शेवटची नोंद कधीची आहे ते पाहायचं. ती पंधरा दिवसांपूर्वीची निघाली, तर काम केव्हा बंद पडलं ते तिथेच कळतं. ओळखीच्या चार नोंदीही उघडून वाचायच्या, कारण फाइल नीट उघडते आणि आतलं टेबल मात्र अर्धंच असतं, असंही होतं. आणि घड्याळ लावायचंच: संथ डिस्कवरून डेटा परत आणताना गिटलॅबची सेवा सुमारे १८ तास बंद होती.