रिचार्जमध्ये गाण्यांचा प्लॅन आहे, पण जाहिराती थांबत नाहीत?

सध्या काही मोबाइल रिचार्जसोबत गाण्यांच्या अ‍ॅपचा सशुल्क प्लॅनही मिळतो. जिओने जून 2023 मध्ये जिओसावन प्रो जोडलेले प्रीपेड प्लॅन आणले, ते याच प्रकारातले. पैसे भरूनही सवलत सुरू झाली नाही, अशी अडचण आपल्या काही ज्येष्ठ सभासदांना येते. त्यातली एक हकीगत उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

वडोदऱ्याच्या एका काकूंनी रोज सकाळी भजने आणि नाट्यगीते ऐकण्यासाठी असा रिचार्ज केला. तरीही दर दोन गाण्यांनंतर जाहिरात लागायची. अ‍ॅप काढून पुन्हा टाकून पाहिले, उपयोग झाला नाही. शोधल्यावर दोन कारणे सापडली.

पहिले असे, की त्यांचा जुना प्लॅन संपायला नऊ दिवस बाकी होते. अशा वेळी नवा प्लॅन बहुधा रांगेत राहतो, आणि त्यासोबतची सवलत तो चालू झाल्यावरच मिळते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालू प्लॅन कोणता आणि पुढचा कधीपासून, हे दिसते.

नऊ दिवस उलटले तरी जाहिराती होत्याच. तेव्हा दुसरे कारण कळले. नातवाने अ‍ॅप स्वतःच्या ईमेलने उघडून दिले होते. सवलत मात्र रिचार्ज केलेल्या नंबरला जोडलेली असते; ती फोनला किंवा ईमेलला मिळत नाही. अ‍ॅपमधून बाहेर पडून त्याच नंबरवर आलेल्या ओटीपीने पुन्हा प्रवेश केल्यावर जाहिराती बंद झाल्या. दोन सिम असतील तर नंबर नीट पाहून टाकावा. काही कंपन्यांच्या प्लॅनमध्ये सवलत त्यांच्या अ‍ॅपमधून एकदा स्वतः सुरू करावी लागते, तेही तपासावे.

एवढे करूनही अडले तर 198 वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. रिचार्जचा एसएमएस जपून ठेवावा. ओटीपी मात्र फोनवरून कोणालाही सांगू नये.

आधी त्याच अ‍ॅपचे पैसे गूगल प्लेमधून दरमहा कापले जात असतील, तर ते आपोआप थांबतीलच असे नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून Payments & subscriptions मध्ये Subscriptions उघडावे आणि तेथून ते बंद करावे. नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातात.

शेवटी डेटाबद्दल. गाण्यांचा प्लॅन मिळाला तरी डेटा सहसा आपल्या रोजच्या कोट्यातूनच जातो. 320 केबीपीएस दर्जाला तासाला सुमारे 144 एमबी लागतात, 128 ला साधारण 58. घरच्या वायफायवर गाणी उतरवून घेतली तर हा खर्च वाचतो. पण प्लॅन संपला की उतरवलेली गाणीही वाजत नाहीत.