वाटीभोवतीचं दुखणं आणि उताराचा हिशेब

सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर धावताना फारसं काही जाणवत नाही, पण जिना उतरायला लागलं की गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. नाटकाला दोन-अडीच तास बसून उठताना गुडघा आखडलेला असतो. कुठं दुखतं असं विचारलं तर एका बोटाने जागा दाखवता येत नाही, अख्खा तळवा वाटीवर ठेवून गोल फिरवावा लागतो. धावणाऱ्यांमध्ये आणि सायकलवाल्यांमध्ये हे दुखणं फार आढळतं.

वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत वर-खाली सरकते. गुडघा वाकलेला असताना मांडीच्या पुढच्या स्नायूने जोर लावला की ती त्या खाचेवर दाबली जाते. उतारावर हाच स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरताना बहुतेकांना जास्त त्रास होतो. एक्स-रे, एमआरआय बऱ्याचदा स्वच्छ येतात आणि तरीही ‘गुडघा झिजला’ या भीतीने लोक धावणं सोडून देतात. खरं तर बहुतेक वेळा झीज झालेली नसते. भार अचानक वाढलेला असतो आणि गुडघ्याला त्याची सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातली चाळिशीची एक धावपटू सपाटीवर आठवड्याला तीस किलोमीटर धावते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा असतो, म्हणून तिने रविवारी सिंहगडाचा घाटरस्ता सुरू केला आणि आठवड्याचं अंतर पंचेचाळीसवर नेलं. तिसऱ्या आठवड्यात वाटी बोलायला लागली. तिच्या डोक्यात फक्त वाढलेले पंधरा किलोमीटर आहेत, पण माझ्या मते त्याहून मोठी वाढ उताराची आहे. शून्य उतारावरून ती एकदम काही किलोमीटर सलग उतारावर गेली.

पूर्ण विश्रांतीने दुखणं थांबतं, पण मांडीही सैलावते आणि परत धावायला लागल्यावर तेच पुन्हा होतं. म्हणून तिने घाट बंद करावा, दिवसाआड चार किलोमीटर सपाटीवर धावावं आणि दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. धावताना तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा नेहमीइतकाच बोलत असेल तर अंतर बेताचं होतं. जास्त दुखलं तर पुढच्या खेपेला अंतर कमी करायचं. आठवडाभर तक्रार वाढली नाही, की प्रत्येक धावेत अर्धा-एक किलोमीटर घालायचा. सोबत पावलं थोडी आखूड आणि जलद टाकावीत: मिनिटाला १६० पडत असतील तर १६८. दर पावलाला वाटीवर येणारा दाब त्याने कमी होतो.

बळकटीशिवाय मात्र हे टिकत नाही, आणि ती मांडीइतकीच नितंबाचीही हवी. बुटक्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत हळू जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचं. हे आरशासमोर करावं. बऱ्याच जणांचा गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे कलतो. तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहील इतकंच खाली जायचं. हेही दुखत असेल तर आधी भिंतीला पाठ टेकवून, गुडघे थोडेच वाकवून थांबायचं. नितंबासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, टाच किंचित मागे ठेवून. पाय पुढे आला की भलताच स्नायू काम करतो. दहा-बारा वेळांचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं. फरक दिसायला सहा आठवडे लागतात, कधी बाराही. पट्टी किंवा टेपने तेवढ्यापुरता आराम मिळतो, तो व्यायाम करण्यासाठी वापरावा.

सायकलवाल्यांनी आधी सीट पाहावी. ती खाली असेल तर प्रत्येक फेरीत गुडघा नको इतका वाकतो. पेडल अगदी खाली असताना गुडघ्यात साधारण तीसेक अंशांचा बाक उरावा. सीट एका वेळी काही मिलिमीटरच उचलावी. चढावर जड गिअर रेटत बसण्यापेक्षा हलका टाकून पाय भरभर फिरवावेत.

गुडघा सुजला, अडकला, दगा देऊ लागला, रात्री झोपेत ठणकू लागला किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर हे प्रयोग थांबवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवावं.

आपल्या धावपटूचं सपाटीवरचं अंतर पूर्वीच्या तीसवर आलं, की घाट परत घेता येईल. आधी नुसता चढ धावायचा आणि खाली येताना कुणाच्या तरी गाडीवर मागे बसायचं. दोन-तीन रविवार असे निभावले की शेवटचा अर्धा किलोमीटर उतार पायांनी. स्पर्धा तोवर होऊन गेली, तर त्या वर्षी ती सोडून द्यावी.