'नका' वेळेवर यायला हवा

आज खोडदच्या दुर्बिणीवरचा व्हिडिओ घ्यायचा होता. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि इंग्रजीसाठी आखलेल्या चिमुकल्या चौकटींत हे सगळं मराठीत बसवायचं, असं मागच्या रविवारी ठरवलं होतं. ते पुढं ढकलतो आहे, कारण घोडेगावहून एका शिक्षिकाबाईंचा निरोप आला आणि आठवडाभर तोच डोक्यात राहिला.

बाईंनी शाळेतल्या मुलांना दाखवायला बिबट्याविषयीचा एक इंग्रजी व्हिडिओ मराठीत केला. मागच्या भागात सांगितल्याप्रमाणे त्यांनी अक्षरं मोजली, निवेदन वेळेत बसवलं, सबटायटलही टाकली. मग आवाज बंद करून वर्गात पडद्यावर लावला. सहावीतल्या एका मुलानं वाचून विचारलं, "बाई, बिबट्या दिसल्यावर पळायचं का?" पडद्यावर त्या क्षणी हे होतं :

समोर बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळत सुटू

आणि 'नका' हा शब्द पुढच्या पाटीवर गेला होता. तीन सेकंद पडद्यावर नेमका उलटा सल्ला उभा होता.

बाईंचा प्रश्न असा : "अक्षरं बसली होती, मग चुकलं कुठं?" हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून आजचा अख्खा भाग त्यालाच देतो.

आधी ती पाटी तिथंच का तुटली ते पाहू. सबटायटलच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीची मर्यादा ४२ वर्णांची असते. ती इंग्रजीवरून आलेली आहे. तिथं एक अक्षर म्हणजे एक खूण, त्यामुळं हिशेब सरळ. आपल्याकडं यंत्र प्रत्येक वेलांटी, काना, हलन्त सुटा मोजतं. 'बिबट्या' लिहून बघा. आपल्या डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. यंत्राला ब, वेलांटी, ब, ट, हलन्त, य, काना अशा सात खुणा दिसतात. बाईंचं वाक्य 'सुटू'पर्यंत यंत्राच्या मोजणीत ४१ भरतं आणि 'नका' धरलं की ४५. मर्यादा ओलांडली, म्हणून यंत्रानं शेवटचा शब्द खाली ढकलला. प्रत्यक्षात 'नका'सकट ते वाक्य मोकळ्या जागा धरून ३२ अक्षरांचं आहे आणि पडद्यावर सहज मावलं असतं. तेव्हा पहिली गोष्ट ही : मर्यादेचा आकडा सेटिंगमध्ये वाढवून घ्या आणि ओळ मावते की नाही हे पडद्यावर डोळ्यांनी पाहा. मराठीसाठी ५० ते ५५ ठेवला तरी ओळ बहुतेक वेळा चौकटीत राहते, हा माझा अनुभव.

पण एवढ्यानं मूळ दुखणं जात नाही. दुखणं आपल्या वाक्याच्या घडणीत आहे. इंग्रजी सूचनेत नकार पहिल्या शब्दात येऊन बसतो. 'डोन्ट' ऐकलं की पुढचं सगळं करायचं नाही, हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नका' त्याच्याही मागं. म्हणजे वाक्य अर्धं तोडलं तर इंग्रजीत नकार हातात राहतो, मराठीत तो हरवतो. आणि व्हिडिओची चित्रं इंग्रजी वाक्याच्या क्रमानं कापलेली असतात. म्हणून मी म्हणतो, मराठी करताना निवेदन किती लांब झालं एवढं बघून भागत नाही. अर्थ कोणत्या सेकंदाला पोचला, ते बघावं लागतं.

तसाच एक तुकडा आता सेकंद लावून पाहू. माझ्याकडं काही वर्षांपूर्वी अगदी अशाच घडणीची एक स्क्रिप्ट आली होती, ती समोर ठेवतो. ४२व्या सेकंदाला बांधावर बिबट्या दिसतो. ४४ला माणूस वळून पळायला लागतो. ४५ला त्याच्यावर लाल फुली पडते. ४६ला तोच माणूस ताठ उभा राहून हात वर करतो, ४८ला एक एक पाऊल मागं सरकतो, आणि ५०ला दृश्य संपतं. इंग्रजी निवेदन असं : इफ यू सी अ लेपर्ड, डोन्ट टर्न अँड रन. स्टँड टॉल, रेझ युवर आर्म्स, अँड बॅक अवे स्लोली.

माझा पहिला खर्डा असा होता : "जर तुम्हाला बिबट्या दिसला तर त्याच्याकडे पाठ करून पळून जाण्याचा प्रयत्न करू नका. ताठ उभे राहा, आपले दोन्ही हात वर करा आणि हळूहळू मागे सरका." अक्षरं ६३. आमच्या भागातल्या प्रेक्षकासाठी शांतपणे सांगणारा निवेदक सेकंदाला साधारण साडेपाच लिखित अक्षरं बोलतो, हे मागं आलंच आहे. म्हणजे आठ सेकंदांत ४४. त्या ६३ला साडेअकरा सेकंद लागतात. 'जर', 'तुम्हाला', 'प्रयत्न', 'आपले दोन्ही', 'आणि' हे सगळं इंग्रजी वाक्याच्या सावलीत उगवलेलं गवत. ते उपटलं की राहतं : "बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळू नका. ताठ उभे राहा, हात वर करा, हळूहळू मागे सरका." अक्षरं ३९. बसलं, असं वाटून मी रेकॉर्डिंग केलं.

ते चुकलं. निवेदकानं इंग्रजीसारखाच पहिल्या तुकड्यानंतर श्वास घेतला आणि 'पाठ फिरवून' ४४ला, माणूस पळायला लागल्यावर सुरू केलं. 'पाठ फिरवून पळू' ही आठ अक्षरं, म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. लाल फुली पडली तेव्हा कानावर 'पाठ फिरवून' चाललं होतं, आणि 'नका' आला तेव्हा फुली जाऊन माणूस हात वर करायच्या बेतात होता. ऐकणाऱ्याला वाटावं, हात वर करू नका.

तेव्हापासून मी अशी वाक्यं उलटी मोजतो. आधी 'नका' कुठं पडायला हवा ते ठरवायचं. इथं फुलीवर, म्हणजे ४५ला. तिथून मागं दीड सेकंद, म्हणजे 'पाठ' हा शब्द साडेत्रेचाळीसला तोंडातून निघाला पाहिजे. त्याच्याआधी 'बिबट्या दिसला तर' ही आठ अक्षरं आहेत, त्यांना आणखी दीड सेकंद. पोचलो बरोबर ४२वर, जिथं बिबट्या पहिल्यांदा दिसतो. म्हणजे मधे श्वास घ्यायचा नाही, श्वास 'नका'नंतर घ्यायचा. मग ४६ ते ४८ मधे 'ताठ उभे राहा, हात वर करा' ही बारा अक्षरं थोडी दाटतात. तिथं 'ताठ' काढला, कारण ताठ उभा राहिलेला माणूस चित्रात दिसतोच. दहा अक्षरं उरली. शेवटची नऊ ४८ला सुरू होऊन ५०च्या आत संपतात. सगळं मिळून ३७.

स्क्रिप्टच्या कागदावर यासाठी एक जास्तीचा रकाना आखावा. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या स्क्रिप्टा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना दोन रकान्यांची पद्धत माहीत आहे : डावीकडं वेळ, उजवीकडं निवेदन. तिथंही चित्र मूळचंच ठेवून आवाज तेवढा मराठीत भरायचा असतो. मी मधे तिसरा रकाना घालतो आणि त्यात फक्त तो शब्द लिहितो जो ठरल्या क्षणी पडलाच पाहिजे. वरच्या तुकड्यात तिथं एकच नोंद आहे : '४५ – नका'. निवेदकाला बाकी कुठं मागंपुढं झालं तरी चालतं.

दुसरी वाट मला एका निवेदिकेनं दाखवली. त्या आंबेगावच्याच. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सहज म्हणाल्या, "नका पळू!" आपल्या बोलण्यात नकार पुढं येतो की! आई पोराला 'नको जाऊ तिकडं' म्हणते, घरातलं माणूस निघालेल्या पाहुण्याला 'नका जाऊ आता, अंधार झालाय' म्हणतं. 'नका पळू' म्हटलं की नकार पहिल्या अर्ध्या सेकंदात कानात जातो आणि इंग्रजीच्या कापाकापीशी आपोआप जुळतो.

पण त्याला मर्यादा आहे, आणि ती पाळायला हवी. अशा वाक्यात आर्जव असतं. एखाद-दुसरी सूचना तशी आली तर ती मायेनं सांगितल्यासारखी लागते. पाच सूचना ओळीनं तशा दिल्या तर विनवणी होते आणि धोक्याची धार जाते. शिवाय हे लहान क्रियापदालाच साधतं. 'नका पाठ फिरवून पळू' जिभेवर अडखळतं. आणि छापील पाटीवर तर नकोच. रस्त्याकडेच्या वनखात्याच्या फलकावर 'जाऊ नका' लिहिलेलं वाचायची डोळ्याला सवय आहे. ऐकायला एक, वाचायला दुसरं, असं खुशाल ठेवा.

तिसरी वाट नकारच काढून टाकण्याची. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात आणि चारही ठिकाणी उसाच्या कडेनं वस्त्या आहेत. तिथल्या शेतकऱ्यांसाठी त्याच स्क्रिप्टमध्ये एक लांबलचक वाक्य होतं : रात्री शेताला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांनी एकट्यानं जाणं आणि खाली वाकणं टाळावं. त्यावर पडद्याच्या तळाला अरुंद चौकट होती, जेमतेम १५ अक्षरांची. मी निवेदनात लिहिलं, "रात्री दारं धरायला सोबतीनं जा." पाणी एका सरीतून दुसरीत वाकून वळवण्याला आपल्याकडं दारं धरणं म्हणतात. त्या दोन शब्दांत पाणी देणं आणि वाकणं दोन्ही आलं. वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो, हे वेगळं सांगायला मग मला दोन सेकंद मोकळे मिळाले. चौकटीत टाकलं, 'रात्री सोबतीनं जा'. मोकळ्या जागा धरून नऊ अक्षरं. एका पाटीत पूर्ण, आणि कुठंही तुटली तरी उलटा अर्थ निघत नाही.

'पळू नका'चं मात्र असं करू नये. 'उभे राहा' म्हटलं की पळणं आपोआप वगळलं जातं असं कागदावर वाटतं. बिबट्या समोर असताना पाय आधी पळायला उठतात, म्हणून तो नकार उच्चारून सांगावाच लागतो. जिथं शरीर आपणहून चुकीचं करणार, तिथं 'नका' ठेवा. जिथं फक्त सवय बदलायची आहे, तिथं सरळ काय करायचं ते सांगा.

घोडेगावच्या बाईंना मी त्यांची पाटी अशी करून पाठवली. पहिल्या ओळीत 'बिबट्या दिसला तर', दुसऱ्या ओळीत 'पळू नका', दोन्ही एकाच वेळी पडद्यावर. 'समोर' काढला, 'पाठ फिरवून' निवेदनाकडं सोपवलं. ओळ कुठं तोडायची ते यंत्रावर न सोडता हातानं ठरवलं. 'पळू' आणि 'नका' यांच्यामध्ये साध्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी मोकळी जागा घातली. वर्डमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून येते, आणि तिथून चिकटवता येते. काही सॉफ्टवेअर ती जुमानत नाहीत, म्हणून शेवटी पाहून घ्यावंच लागतं.

खोडदच्या अँटेना पुढच्या रविवारी नक्की. तोवर तुमच्याकडं मराठी केलेला कुठलाही सूचनांचा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून लावा, प्रत्येक पाटीवर थांबवा आणि तेवढीच पाटी घरातल्या एखाद्याला वाचायला द्या. ज्या पाटीवर त्याला उलटं समजलं, ती मला कळवा.